एस्टरचा समतोल स्थिरांक: उरलेले आम्ल मोजायचे आणि पाण्याचा हिशेब ठेवायचा

ॲसिटिक आम्ल आणि इथेनॉल मोलला मोल घेतले, आम्लाचा उत्प्रेरक घातला आणि बाटली बंद करून ठेवली, तर साधारण दोन-तृतीयांश आम्लाचे इथिल ॲसिटेट होते. पुढे कितीही थांबा, उरलेला एक-तृतीयांश भाग तसाच राहतो. १८६२ च्या सुमारास फ्रान्समध्ये बर्थेलो आणि पेआँ द सँ-जिल यांनी हे मोजून दाखवले. वस्तुमान-क्रियेचा नियम मांडणाऱ्या गुल्डबर्ग आणि वागे यांनाही पुढे त्यांचेच आकडे उपयोगी पडले. आजही पदवीच्या प्रयोगशाळेत हाच प्रयोग होतो, आणि विद्यार्थ्यांच्या बऱ्याच जर्नलमध्ये समतोल स्थिरांक K चे उत्तर ४ च्या जागी २ किंवा ३ येते. तिथे रसायनशास्त्र चुकलेले नसते, हिशेब चुकलेला असतो. तो नेमका कुठे चुकतो हे कळावे म्हणून खाली आमच्या पद्धतीने केलेला एक प्रयोग आकड्यांसकट मांडला आहे.

अभिक्रिया अशी:

CH₃COOH + C₂H₅OH ⇌ CH₃COOC₂H₅ + H₂O

दोन्ही बाजूंना दोन-दोन मोल आहेत. त्यामुळे K च्या सूत्रात संहतीऐवजी सरळ मोल घातले तरी चालते, कारण आकारमान वर-खाली कटते. K ला एककही उरत नाही. ही मोठीच सोय आहे, कारण मिश्रणाचे आकारमान मोजावे लागत नाही. ते मोजू म्हटले तरी अडचणच होती, कारण हे द्रव मिसळताना आकारमान थोडे बदलते आणि एस्टर तयार होतानाही बदलते. वस्तुमान मात्र बंद बाटलीत बदलत नाही. म्हणून या प्रयोगात आम्ही सगळे काही वजनावर करतो.

आधी द्रव्यांबद्दल. ग्लेशियल ॲसिटिक आम्ल १६.६ अंशांना गोठते. नाशिक-पुण्याकडे डिसेंबर-जानेवारीत सकाळी लॅब उघडली की बाटलीत अर्धे आम्ल बर्फासारखे घट्ट आणि अर्धे पातळ अशी अवस्था दिसते. तेव्हा वरचे पातळ ओतून घेण्याचा मोह होतो, पण ते टाळायचे. गोठताना शुद्ध आम्ल आधी घट्ट होते आणि त्यातले पाणी पातळ भागात साचत जाते. म्हणजे तुम्ही ओतता ते नेमके ओले आम्ल असते. बाटली कोमट पाण्यात ठेवून सगळे आम्ल वितळवायचे, एकदा हलवायचे, मग घ्यायचे. इथेनॉलही ॲब्सोल्यूट हवे आणि शक्यतो नव्याने उघडलेल्या बाटलीतले हवे. कॉलेजला हे अल्कोहोल एक्साइजच्या परवान्यावर मोजून मिळते, म्हणून काही ठिकाणी त्याऐवजी रेक्टिफाइड स्पिरिटवर काम भागवतात. भागवायला हरकत नाही, पण त्यातले पाणी हिशेबात धरले तरच. त्या पाण्याने किती फरक पडतो ते पुढे येईलच.

उत्प्रेरक म्हणून आम्ही संहत हायड्रोक्लोरिक आम्ल वापरतो, १ मिलि. पुष्कळ पद्धतींत संहत सल्फ्युरिक आम्लाचे थेंब सांगितलेले असतात. एस्टर बनवून बाजूला काढायचे असेल तर ते उत्तम, पण K मोजायला गैरसोयीचे. थेंब मोजून घातले की नेमके किती आम्ल गेले ते कळत नाही. शिवाय सल्फ्युरिक आम्लाचा थोडा भाग अल्कोहोलशी जोडला जाऊन इथिल हायड्रोजन सल्फेट होतो आणि आम्लाचा एक हायड्रोजन टायट्रेशनमधून गायब होतो. हायड्रोक्लोरिक आम्लात हा घोळ होत नाही. त्यात पाणी असते हा त्याचा दोष, पण ते पाणी मोजता येते.

ते असे मोजायचे. पिपेटला फिलर लावून १ मिलि आम्ल घ्यायचे (तोंडाने ओढण्याचा विचारही करू नये) आणि थोडे पाणी घातलेल्या, आधी तोललेल्या झाकणाच्या बाटलीत सोडून पुन्हा तोलायचे. आमचे वजन आले १.१८ ग्रॅम. मग तेच ०.५०० मोलर सोडियम हायड्रॉक्साइडने टायट्रेट केले. २४.० मिलि लागले, म्हणजे ०.०१२० मोल HCl. त्याचे वजन ०.४४ ग्रॅम. १.१८ मधून ते वजा केले की ०.७४ ग्रॅम पाणी उरते, म्हणजे ०.०४१२ मोल. हे दोन आकडे, ०.०१२० मोल HCl आणि ०.०४१२ मोल पाणी, वहीच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवायचे. पुढच्या प्रत्येक गणितात ते लागणार आहेत.

सोडियम हायड्रॉक्साइडचे द्रावण त्याच दिवशी प्रमाणित केलेले असावे. पोटॅशियम हायड्रोजन थॅलेट २.०४ ग्रॅम घेतले की ०.५ मोलर द्रावण २० मिलिच्या आसपास लागते आणि ब्युरेटचे रीडिंग सोयीच्या जागी येते. बाटलीवर '०.५ M' असे लेबल आहे एवढ्यावर विसंबू नये. उघड्यावर राहिलेल्या अल्कलीत कार्बोनेट होते आणि फिनॉल्फ्थॅलिनशी तिची ताकद कमी भरते.

आता बाटली भरायची. घासलेल्या काचेच्या बुचाची ६० मिलिची कोरडी बाटली तोलली, तीत ॲसिटिक आम्ल १५.०१ ग्रॅम, म्हणजे ०.२५०० मोल, आणि इथेनॉल ११.५२ ग्रॅम, म्हणजे तेही ०.२५०० मोल. उत्प्रेरक शेवटी. एकूण वजन १५.०१ + ११.५२ + १.१८ = २७.७१ ग्रॅम. बूच घट्ट बसवून त्यावर टेफ्लॉनची पट्टी गुंडाळली, बाटली हलवली आणि बुचासकट तोलून आकडा बाटलीवरच लिहिला. या शेवटच्या वजनाचा उपयोग नंतर होतो. आठवड्याने बाटली पुन्हा तोलायची. वजन दोन-चार शतांश ग्रॅमने उतरले असेल तर सोडून द्यावे. दोन-चार दशांशाने उतरले असेल तर बूच गळत होते आणि ती बाटली बाद. जे उडून जाते त्यात एस्टरचा भाग मोठा असतो. त्यामुळे मागे राहिलेल्या मिश्रणात आम्लाचे प्रमाण वाढलेले दिसते आणि K कमी येतो.

रिफ्लक्स करून तासा-दोन तासांत प्रयोग संपवता येतो. या अभिक्रियेत उष्णतेची देवघेव फारच थोडी होते, म्हणून तापमान वाढवल्याने K फारसा बदलत नाही, फक्त समतोल लवकर येतो. तरी आम्ही बंद बाटलीच पसंत करतो. रिफ्लक्समध्ये कंडेन्सरच्या तोंडातून वाफ निसटते आणि फ्लास्क गरम असताना कोणी नमुना काढला की नमुन्यातूनच एस्टर उडते. रिफ्लक्स करायचाच असेल तर कंडेन्सर न काढता फ्लास्क पूर्ण गार होऊ द्यावा.

समतोल आला की नाही हे कसे ओळखायचे? दोन दिवसांच्या अंतराने दोन नमुने टायट्रेट करायचे आणि दर ग्रॅम मिश्रणाला किती अल्कली लागली ते पाहायचे. आकडा हलला नाही तर आला. पण याहून भक्कम पुरावा दुसऱ्या टोकाकडून मिळतो. एका बाटलीत ०.२५ मोल इथिल ॲसिटेट (२२.०३ ग्रॅम), ०.२५ मोल पाणी (४.५० ग्रॅम) आणि तोच १ मिलि उत्प्रेरक घालायचा. बेरीज पुन्हा २७.७१ ग्रॅमच येते, कारण अणू तेच आहेत, फक्त वेगळे जोडलेले. सुरुवातीला या बाटलीत दोन थर दिसतात, कारण एस्टर आणि पाणी पुरते मिसळत नाहीत. म्हणून ती बाटली पहिल्या दिवसांत अधूनमधून जोरात हलवावी लागते. एस्टर फुटून अल्कोहोल आणि आम्ल तयार होत गेले की थरांमधली रेघ पुसट होते आणि शेवटी नाहीशी होते. समतोलाला या बाटलीचे आणि पहिल्या बाटलीचे रीडिंग दर ग्रॅमला सारखे यायला हवे. एस्टरच्या बाटलीत आम्ल अजून कमी दिसत असेल तर आणखी वाट पाहायची, कारण तिथे आम्ल वाढत जाणार आणि पहिल्या बाटलीत कमी होत जाणार.

नमुना काढण्याची पद्धत जरा बारकाईने सांगतो, कारण इथली चूक नंतर दुरुस्त होत नाही. कोनिकल फ्लास्कमध्ये बर्फाचे थंड पाणी सुमारे ५० मिलि आणि फिनॉल्फ्थॅलिनचे दोन-तीन थेंब आधीच तयार ठेवायचे. हा फ्लास्क तोलायचा नाही, कारण थंड काचेवर बाहेरून दव धरते आणि तराजूचा आकडा वर चढत राहतो. तोलायची ती बाटली. बाटली तोला, पिपेटने सुमारे सव्वातीन मिलि मिश्रण काढा, थंड पाण्यात सोडा, बूच लावून बाटली पुन्हा तोला. फरक म्हणजे नमुन्याचे वजन. पिपेटच्या आत जो ओलावा चिकटून राहतो तोही वजनात गेलेला असतो, म्हणून पिपेट थोड्या पाण्याने त्याच फ्लास्कमध्ये धुवून घ्यायची.

टायट्रेशनमध्ये खरी कसोटी लागते ती शेवटच्या थेंबांना. गुलाबी रंग येतो आणि तुमच्या डोळ्यांदेखत विरतो. नवशिक्याला वाटते अजून आम्ल शिल्लक आहे, तो आणखी एक थेंब घालतो, रंग पुन्हा येतो, पुन्हा जातो. इथे आम्ल उरलेले नसते. फ्लास्कमध्ये भरपूर एस्टर आहे आणि जादा झालेली अल्कली त्या एस्टरचे जलविच्छेदन करत खर्च होते. याचा वेग माहीत आहे. २५ अंशांना इथिल ॲसिटेट आणि हायड्रॉक्साइड यांचा वेग स्थिरांक सुमारे ०.११ लिटर प्रति मोल प्रति सेकंद आहे. तीन ग्रॅम नमुन्यातले एस्टर ७० मिलि पाण्यात पसरले की त्याची संहती ०.२५ मोलर पडते, आणि त्या हिशेबाने घातलेली जादा अल्कली साधारण २५ सेकंदांत अर्धी होते. पाणी बर्फाचे थंड असेल तर हाच वेळ चार-पाच पट लांबतो. बर्फ कशासाठी, याचे उत्तर एवढेच. पाणी घालून पातळ केल्याने उलटी अभिक्रिया मंदावते, पण शेवटच्या बिंदूवरची ही सळसळ थांबवायला गारवाच लागतो. नियम सोपा: फ्लास्क फिरवत राहायचे आणि सगळीकडे सारखा पसरलेला पहिला फिका गुलाबी रंग पंधरा-वीस सेकंद टिकला की रीडिंग घ्यायचे. त्यानंतर रंग गेला तर जाऊ द्या.

आमच्या पहिल्या बाटलीचे रीडिंग: नमुना ३.०१२ ग्रॅम, ०.५०० मोलर अल्कली २२.०५ मिलि. आता गणित.

नमुन्यातले एकूण आम्ल = २२.०५ × ०.५०० ÷ १००० = ०.०११०२५ मोल
पूर्ण बाटलीतले = ०.०११०२५ × २७.७१ ÷ ३.०१२ = ०.१०१४ मोल
त्यातून HCl वजा = ०.१०१४ − ०.०१२० = ०.०८९४ मोल ॲसिटिक आम्ल

सुरुवातीला ०.२५०० मोल होते, ०.०८९४ उरले, म्हणजे ०.१६०६ मोल खर्च झाले. तेवढेच एस्टर तयार झाले. इथेनॉलही तेवढेच खर्च झाले, म्हणून तेही ०.०८९४ उरले. पाणी मात्र एस्टरइतके नाही. अभिक्रियेतून आलेले ०.१६०६ आणि उत्प्रेरकाबरोबर आधीच आलेले ०.०४१२, मिळून ०.२०१८.

K = (०.१६०६ × ०.२०१८) ÷ (०.०८९४ × ०.०८९४) = ४.०५

आता हेच रीडिंग ठेवून हिशेब कसकसा बिघडतो ते पाहा. उत्प्रेरकातले पाणी विसरले, म्हणजे पाणी = एस्टर धरले, तर K ३.२ येतो. पाणी धरले पण HCl वजा करायचे राहिले, तर २.७. दोन्ही विसरले तर २.१. सुरुवातीला म्हटलेली जर्नलमधली उत्तरे बहुधा याच तीन वाटांनी आलेली असतात. त्यामुळे उत्तर पाहूनच कोणता टप्पा गाळला असेल याचा अंदाज बांधता येतो. टायट्रेशन उत्तम करूनही K निम्मा आला तर पुन्हा टायट्रेशन करण्यात वेळ घालवू नये, आधी वहीतली वजाबाकी तपासावी.

त्या तुलनेत ब्युरेटची चूक किरकोळ आहे. रंगामागे धावून दोन थेंब, म्हणजे ०.१० मिलि जास्त गेले, तर K ४.०५ वरून ३.९९ होतो. ग्लेशियल आम्लात अर्धा टक्का पाणी असेल तर १५ ग्रॅममध्ये ०.००४ मोल पाणी येते आणि केवळ ते पाणी हिशेबात धरायचे राहिले तर K दोनेक टक्क्यांनी कमी दिसतो. म्हणून उत्तर ४.०५ असे दोन दशांशांपर्यंत लिहिले तरी '४ च्या आसपास' एवढेच म्हणण्याचा अधिकार आपल्याला आहे. तसेही हे मिश्रण आदर्श नाही. संहतीवरून काढलेला K मिश्रणाच्या घडणीप्रमाणे थोडा सरकतो, आणि HCl चे प्रमाण बदलले तरीही सरकतो. दोन प्रयोगांची तुलना करायची असेल तर उत्प्रेरक तेवढाच ठेवावा.

दुसऱ्या बाटलीत प्रमाण बदलले: आम्ल ०.१५० मोल (९.०१ ग्रॅम), इथेनॉल ०.३०० मोल (१३.८२ ग्रॅम), उत्प्रेरक तोच. एकूण २४.०१ ग्रॅम. नमुना ३.०२१ ग्रॅम, अल्कली १०.०५ मिलि. पूर्ण बाटलीत ०.०३९९ मोल आम्ल, त्यातून HCl गेले की ०.०२७९ मोल ॲसिटिक आम्ल उरले. एस्टर ०.१२२१, इथेनॉल ०.१७७९, पाणी ०.१६३३. K आला ४.०१. प्रमाण बदलले, उरलेले आम्ल बदलले, K जागचा हलला नाही असे म्हणता येईल.

पण या बाटलीत एक गोष्ट डोळ्यांत भरते. रीडिंगमधला जवळपास तिसरा हिस्सा आता HCl चा आहे. प्रमाण १:५ केले तर काय होईल? आम्ल ०.०८, इथेनॉल ०.४० घेतले, तर समतोलाला फक्त ०.००६५ मोल ॲसिटिक आम्ल उरेल, आणि HCl ०.०१२० तसेच. म्हणजे तुम्ही मोजताय त्यातला दोन-तृतीयांश भाग उत्प्रेरक! तीन ग्रॅम नमुन्याला साडेचार मिलि अल्कली लागेल आणि त्यात ०.१० मिलिची चूक झाली तर उरलेल्या आम्लाचा आकडा सहा टक्क्यांनी हलेल. K त्याच मापाने हलेल. म्हणून आमचे स्पष्ट मत आहे की K मोजायचा तो १:१ किंवा १:२ वर, जिथे मोजण्याजोगे आम्ल उरते. मोठ्या प्रमाणांसाठी एस्टरचा उतारा गणिताने काढावा. तिथे टायट्रेशन करून K 'पडताळणे' म्हणजे दोन जवळजवळ सारख्या आकड्यांची वजाबाकी करून तिसऱ्यावर विश्वास ठेवणे.

उताऱ्याचे गणित वर्गसमीकरणाचे. आम्ल १ मोल, अल्कोहोल n मोल, सुरुवातीला पाणी नाही, K = ४ धरला तर:

x² = ४ (१ − x)(n − x)
३x² − ४(n + १)x + ४n = ०

x म्हणजे एस्टरचे मोल. दोन उत्तरे येतात. n = १ असताना ०.६६७ आणि २. एक मोल आम्लापासून दोन मोल एस्टर होणार नाही, म्हणून दुसरे उत्तर टाकायचे. चिन्हांचा घोळ टाळायचा तर लक्षात ठेवा, वर्गमूळ नेहमी वजा करायचे.

| आम्ल : अल्कोहोल | आम्लाचे एस्टरमध्ये रूपांतर |
|---|---|
| १ : १ | ६६.७ % |
| १ : २ | ८४.५ % |
| १ : ३ | ९०.३ % |
| १ : ५ | ९४.५ % |
| १ : १० | ९७.४ % |

आमच्या बाटल्यांतले रूपांतर यापेक्षा कमी आले. १:१ मध्ये ६४.२ टक्के आणि १:२ मध्ये ८१.४ टक्के. कारण तेच, उत्प्रेरकाबरोबर आलेले पाणी. तक्त्यातले आकडे कोरड्या सुरुवातीचे आहेत.

तक्त्यात फायद्याचा भाग वरच्या दोन-तीन ओळींतच आहे. अल्कोहोल दुप्पट केले की जवळजवळ अठरा टक्क्यांची कमाई होते. दुपटीवरून तिप्पट केले तर सहा टक्क्यांहून कमी. पाचावरून दहावर नेले तर तीनही नाही, आणि त्या तीन टक्क्यांसाठी अल्कोहोल दुप्पट लागते. शिवाय फ्लास्कमधल्या एस्टरचे प्रमाण पाहा. १:१ मध्ये दर शंभर रेणूंत तेहतीस एस्टरचे असतात, १:१० मध्ये जेमतेम नऊ. उरलेल्या अल्कोहोलमधून ते नऊ वेगळे काढायचे काम तुमच्या गळ्यात पडते.

आणि आता ते रेक्टिफाइड स्पिरिट. नेहमीच्या ऊर्ध्वपातनाने अल्कोहोल वजनी ९५.६ टक्क्यांच्या पुढे जात नाही. उरलेले ४.४ टक्के पाणी ऐकायला किरकोळ वाटते, पण मोलमध्ये मांडले तर दर मोल इथेनॉलबरोबर ०.११८ मोल पाणी येते. जितके जास्त अल्कोहोल घालाल तितके पाणीही वाढत जाते. गणितात फरक एवढाच की डाव्या बाजूला x² च्या जागी x(x + ०.११८n) येते. १:१ ला उतारा ६६.७ वरून ६४.८ होतो, १:३ ला ९०.३ वरून ८७.४, आणि १:१० ला ९७.४ वरून ९४.५. शेवटचा आकडा पुन्हा वाचा. स्पिरिटचे दहा मोल घालून जे मिळाले तेच ॲब्सोल्यूटच्या पाच मोलमध्ये मिळत होते. अर्धे स्पिरिट पाण्याची भरपाई करण्यातच गेले. तीन-चार पटीच्या पुढे स्पिरिट ओतत राहण्यात अर्थ नाही असे आम्ही म्हणतो ते यामुळे.

सूत्र दोन्ही अभिकारकांना सारखेच लागू होते, म्हणून आम्ल दुप्पट घेतले तर अल्कोहोलचे ८४.५ टक्के रूपांतर होईल. मग जादा काय घ्यायचे? जे स्वस्त आहे आणि शेवटी सहज काढून टाकता येते ते. केळ्याच्या वासाचे आयसोॲमिल ॲसिटेट करताना ॲसिटिक आम्लच जादा घेतात, कारण आयसोॲमिल अल्कोहोल महाग आणि जादा आम्ल सोडियम बायकार्बोनेटच्या द्रावणाने धुवून निघते. इथिल ॲसिटेटला अल्कोहोल जादा घेतले तर निराळीच अडचण येते. इथेनॉल ७८.४ अंशांना उकळते, एस्टर ७७.१ ला. त्यातून एस्टर, अल्कोहोल आणि पाणी तिघे मिळून सुमारे ७० अंशांना एकत्रच उकळणारे मिश्रण करतात. नुसत्या ऊर्ध्वपातनाने ते सुटत नाही. त्यात जमेची बाजू एवढीच की उकळताना हे मिश्रण थोडे पाणीही बाहेर नेते, म्हणून समतोल पुढे ढकलला जातो. महाडसारख्या ठिकाणी टनावारी होणारे इथिल ॲसिटेट उकळत्या कॉलममधून असे सतत काढून घेतले जाते, बंद बाटलीतल्या ६७ टक्क्यांवर कोणी थांबत नाही.

बाटलीतल्या समतोलाचा आकडा आणि हातात येणारे एस्टर यांतही फरक पडतो, आणि तो बहुतेक धुताना पडतो. १:१ च्या बाटलीत ०.१६ मोल, म्हणजे १४ ग्रॅमच्या आसपास एस्टर आहे. आम्ल आणि अल्कोहोल काढायला ते साध्या पाण्याने धुतले, तर दर १०० मिलि पाण्यात सुमारे ८ ग्रॅम एस्टर विरघळून जाते. २५ मिलि पाण्याच्या एका धुण्यात २ ग्रॅम, म्हणजे सातवा हिस्सा, सिंकमध्ये. म्हणून आधी सोडियम कार्बोनेटचे थोडे थोडे द्रावण घालून आम्ल मारायचे (फसफस ओसरेपर्यंत सेपरेटिंग फनेलचे बूच लावू नका), मग संपृक्त मिठाच्या पाण्याने धुवायचे, कारण मिठामुळे एस्टरची विद्राव्यता उतरते. अल्कोहोल काढायला कॅल्शियम क्लोराइडचे संहत द्रावण घ्यायचे, ते इथेनॉल बांधून ठेवते. पण कार्बोनेटचा खालचा थर पूर्ण काढून आणि मिठाच्या पाण्याने एकदा धुवूनच कॅल्शियम क्लोराइड घाला. नाहीतर कॅल्शियम कार्बोनेटचा पांढरा गाळ फनेलमध्ये बसतो, थरांमधली रेघ दिसेनाशी होते आणि ते सगळे गाळून घ्यावे लागते.